दोनदा विचारलेला आकडा

आमचं ऑफिस ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून दिवसभर पाढे म्हटल्यासारखे घोकंपट्टीचे आवाज यायचे आणि वर आम्ही सरकारी भरत्यांच्या आकड्यांत बुडालेलो असायचो. कंपनी खासगी, काम सरकारी. परीक्षा घेणारे वेगळे, गुण देणारे वेगळे. आमच्याकडे फक्त तयार माहिती यायची, ती डेटाबेसमध्ये भरली जायची आणि विभागाला हवे ते आकडे आणि याद्या आम्ही काढून द्यायचो.

आम्ही म्हणजे मी आणि काका. बाकीचं ऑफिस हिंदी. काका माझे कोणी लागत नव्हते. दौलतगंजात राहायचे, साठीला टेकलेले, आणि सगळ्या मजल्यावर माझ्याशी मराठी बोलणारा तेवढा एकच माणूस. त्यांचं मराठीही आमच्या इकडचंच. "मी तर सांगितलं होतं ना त्याला, पण तो ऐकेल तर शपथ," असं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ एकदा ते ऐकून हसला होता. मला राग आला होता. तीन-चार पिढ्या इथे राहून जेवढी भाषा टिकवली तेवढी पुष्कळ झाली.

काकांची एक सवय ऑफिसभर चेष्टेचा विषय होती. कुठलाही आकडा बाहेर पाठवला की काही वेळानं ते तीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, पुन्हा चालवत. "दोनदा विचारायचं," ते म्हणत. "दोन्ही वेळेला एकच उत्तर आलं की समजायचं खरं आहे." बाजारात भाव विचारतानाही ते तसंच करत असणार, असं मी त्यांना म्हणायची. त्यावर ते नुसते हसत. काकू गेल्यापासून त्यांचं हसणं तेवढंच उरलं होतं. घरी मुलगा, सून आणि ते. मुलगा एका दुकानात हिशेब बघायचा. सून नर्सिंग शिकलेली होती, एका खासगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबत होती, आणि सरकारी भरती निघण्याची वाट बघत वयाच्या अटीच्या काठावर येऊन पोचली होती.

भरती निघाली. सुनेनं फॉर्म भरला, मुरारच्या सेंटरवर परीक्षा दिली. काम आमच्याच कंपनीकडे आलं. काका त्याच दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "सर, मेरी बहू भी कैंडिडेट है. मुझे इस काम से अलग रखिए." दार उघडंच होतं, मी ऐकलं. मॅनेजर म्हणाला, "अरे काका, आप तो बस रिपोर्ट निकालते हो. लिखने का अधिकार ही कहाँ है आपके पास?" ते खरंच होतं. आम्हा दोघांनाही डेटाबेसमधलं टेबल, म्हणजे उमेदवारांचा तक्ता, फक्त वाचता यायचं. एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी डेटाबेस सांभाळणाऱ्या भोपाळच्या लोकांना सांगावं लागायचं. काका निर्धास्त होऊन बाहेर आले. लेखी काही घेतलं नाही. मॅनेजर शब्दाचा पक्का असेल, असं त्यांना वाटलं असावं. मला त्या माणसाबद्दल तसं कधीच वाटलं नव्हतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

टेबलात माहिती भरायचं काम एक जॉब करायचा. म्हणजे आपोआप चालणारा एक प्रोग्राम. सेंटरांच्या फाइली एकामागून एक उघडायचा, प्रत्येक उमेदवाराची ओळ तपासायचा आणि टेबलात लिहायचा. सगळं एकदम नाही. काही हजार ओळींचा एक गठ्ठा झाला की तेवढा पक्का करायचा आणि पुढचा घ्यायचा. मधेच कोणी क्वेरी चालवली तर तोवर पक्के झालेले गठ्ठे तिला दिसायचे, उरलेले नाही. थोड्या वेळानं चालवली तर जास्त दिसायचे. यात क्वेरीची काही चूक नसते. ती विचारलेल्या क्षणाचं उत्तर देते. पंगत वाढणं चालू असताना किती पानं वाढून झाली असं कोणी विचारलं, तर दर वेळी वेगळाच आकडा सांगावा लागेल, तसंच ते.

म्हणून रिवाज असा होता, की जॉब भल्या पहाटे चालायचा, आम्ही येईपर्यंत संपायचा, आणि पडद्यावर एका कोपऱ्यात 'पूर्ण' असा शब्द दिसला की मग आम्ही मोजायचं.

त्या दिवशी मुरारच्या सेंटरची फाइल उशिरा आली. बाकीच्या फाइली भरून झाल्यावर भोपाळच्या लोकांनी पहाटेचा जॉब थांबवला आणि मुरारची आल्यावर सकाळी पुन्हा सुरू केला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खाली कळवायची गरज वाटली नाही. आणि कोपऱ्यातला तो 'पूर्ण' आदल्या दिवशीच्या खेपेचा होता. नवी खेप संपेपर्यंत तो जुनाच शब्द दाखवत राहायचा. ही गोष्ट तोवर आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती, कारण तोवर जॉब कधी ऑफिसच्या वेळेत चाललाच नव्हता.

काका येऊन बसले नाहीत तोच विभागातून फोन. "साहब बैठे हैं, नंबर और लिस्ट भेजिए, वेबसाइट पर चढ़ानी है." काकांनी कोपऱ्यातला शब्द बघितला, क्वेरी चालवली, कागदपत्रांच्या तपासणीसाठी पात्र ठरलेल्या उमेदवारांचा आकडा आणि नावं पाठवली. विभागाचा हात एरवी गोगलगायीसारखा चालतो, त्या दिवशी मात्र यादी तासाभरात वेबसाइटवर.

दुपारी डबा खायच्या आधी काकांनी सवयीप्रमाणे पुन्हा विचारलं. आकडा वाढला होता.

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेला नव्हता, नुसता गोंधळलेला. "अगं, इकडे ये जरा," ते म्हणाले. "सकाळी काही गल्लत झाली की काय माझी? बघ ना, जास्त येतायत." मी उठून गेले. त्यांनी माझ्यासमोर आणखी एकदा चालवली, तर आकडा त्याहूनही पुढे. मग मी माझ्या मशिनवर जाऊन टेबलावर आत्ता कोण काम करतंय ते बघितलं. जॉब चालूच होता. मुरारची फाइल उघडलेली होती आणि तो ओळी लिहीत होता.

"थांबा काका," मी तिथूनच ओरडले. "अजून यायच्यात."

आमच्यामध्ये चार टेबलं होती. त्या चार टेबलांवरची माणसं हिंदी बोलणारी होती, पण ग्वाल्हेरला राहणाऱ्या माणसाला एवढं मराठी कळतं.

आम्ही थांबलो. जॉब संपला. काकांनी चौथ्यांदा मोजलं, मग पाचव्यांदा, आणि दोन्ही वेळेला एकच उत्तर आलं. तेव्हा त्यांनी विभागाला कळवलं, की सकाळचा आकडा अपुरा होता, माहिती भरली जात असताना काढला गेला, कृपया ही पूर्ण यादी घ्यावी. पाठवायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, "पाठवू ना?" मी म्हणाले, "पाठवायलाच हवं. मुरारच्या सगळ्या मुली राहतील नाहीतर." त्या क्षणी आम्हा दोघांच्याही डोक्यात त्यांची सून नव्हती. हे आता कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

संध्याकाळी वेबसाइटवर नवी यादी चढली. सकाळच्या यादीत नसलेली जेवढी नावं आली होती, ती सगळीच्या सगळी मुरार सेंटरची. त्यात काकांच्या सुनेचं नाव.

आमच्या भागात भरतीची यादी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी निघाली, तर लोक त्याचा एकच अर्थ लावतात. लोकांना तरी काय दोष द्यायचा? इतकी वर्षं तोच अर्थ खरा निघत आलेला. दुसऱ्या दिवशी कोचिंगची पोरंच आमच्या जिन्यात घोषणा देत उभी होती. ज्यांचा पाढ्यांचा आवाज आम्ही रोज ऐकायचो, तीच. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की यादी काढणाऱ्याची सून यादीत आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काकांनी दुपारी पुन्हा विचारलं नसतं, तर कोणाला काही कळलंच नसतं.

चौकशी बसली. काकांना घरी बसवलं. मॅनेजरला विचारलं, की नातेवाईक उमेदवार असल्याचं यांनी सांगितलं होतं का. तो म्हणाला, "याद नहीं आ रहा, सर." मी म्हणाले, मी ऐकलंय. अधिकारी माझ्याकडे बघून म्हणाले, "आप तो इनकी अपनी हैं." मग आमच्या मधल्या टेबलावरच्या एकानं, जो माझ्या डब्यातली पुरणपोळी दर होळीला हक्कानं खायचा, जबाब दिला, की हे दोघं सतत आपसात मराठीत बोलतात, आणि त्या दुपारी मॅडम ओरडून म्हणाल्या होत्या, की रुकिए काका, अभी और आने हैं. भाषांतर अगदी बरोबर होतं. मला त्या माणसाचा गळा दाबावासा वाटला.

मी चौकशीवाल्यांना म्हणाले, मी तुम्हाला करून दाखवते. चाचणीच्या मशिनवर हाच जॉब चालवते. तो चालू असताना तुम्ही स्वतः मोजा, आकडा वाढत जाताना दिसेल. ते तयार झाले. मॅनेजरनं आदल्या संध्याकाळी फर्मान काढलं, "छोटी फ़ाइल रखिए, साहब लोगों के पास टाइम नहीं है." मी म्हटलं, पूर्ण फाइल हवी. तो म्हणाला, पूर्णला अर्धा दिवस लागतो, तेवढा वेळ कोण बसणार? आणि फाइल त्यानंच कापून दिली. काही शे उमेदवारांची.

मीटिंगच्या खोलीत तीन अधिकारी, मॅनेजर, मी आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर काका. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. जॉब सुरू केला. एका अधिकाऱ्यानं स्वतः कळ दाबून क्वेरी चालवली. शून्य. पुन्हा चालवली. शून्य. पुन्हा. आता सगळे उमेदवार आले होते, एकही कमी नाही.

तो माझ्याकडे वळला. "आधा कहाँ दिखा, मैडम? या तो कुछ नहीं, या पूरा."

मला तत्क्षणी उमगलं. जॉब काही हजार ओळी झाल्यावर गठ्ठा पक्का करतो. या फाइलमध्ये एक गठ्ठा भरेल एवढ्याही ओळी नव्हत्या. त्यामुळे सगळ्या शेवटी एकदम पक्क्या झाल्या. अर्धवट दिसायला किमान दोन गठ्ठे तरी हवेत. मी हे सांगितलं. नीट, सावकाश, हिंदीत सांगितलं. पूर्ण फाइल घेऊन पुन्हा बसा म्हणाले. चहा आला. अधिकारी म्हणाले, "लिखकर दे दीजिए." चूक उमगणं आणि ती समोरच्याला पटवणं यांत किती अंतर असतं, ते मला त्या टेबलाशी कळलं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आता माझं बोलणं म्हणजे सारवासारव.

पण त्यांच्याबद्दल मला तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते खाली उतरताना. जिन्यात काका थांबले आणि म्हणाले, "खरंच अगं, माझ्याकडून तर काही झालं नसेल ना? सकाळी मी क्वेरीच चुकीची चालवली असेल?" मी म्हणाले, काका, तुम्हाला लिहिताच येत नाही त्या टेबलात. "ते तर आहेच," ते म्हणाले. "पण शून्य आलं ना आज. मी पण बघितलं." जन्मभर दोनदा विचारून खात्री करणाऱ्या माणसाची स्वतःवरची खात्री गेली होती. ते बघून मला जिन्यातच रडू आलं आणि रडू आल्याचा संतापही आला.

मी लिहून दिलं. पूर्ण फाइल चालवून, वाढत जाणाऱ्या आकड्याचं रेकॉर्डिंग करून तेही दिलं. कागद वर गेले. दरम्यान नेमणुका अडकून पडलेल्या मुरारच्या मुलींनी कोर्टाचं दार ठोठावलं, त्यांच्या मूळ उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या, गुण बरोबर निघाले, आणि सगळ्यांना नेमणुका मिळाल्या. एक सोडून. काकांच्या सुनेचेही गुण बरोबर निघाले होते. पण तिचा निकाल चौकशी संपेपर्यंत राखून ठेवला होता.

चौकशी सरकारी गतीनं संपली. भोपाळहून कोणी जाणकार आला, त्यानं माझ्या कागदाप्रमाणे पूर्ण फाइल चालवली, आकडा वाढताना बघितला आणि एका वाक्यात लिहून टाकलं, की यात हेराफेरी नाही. पत्र आलं तेव्हा काका निवृत्तीच्या वयाला पोचले होते. आणि त्या भरतीच्या यादीची मुदत संपली होती. पुढच्या भरतीसाठी सुनेचं वय उलटून गेलं होतं. विभागाला अर्ज केले. उत्तर आलं, की नियमात तरतूद नाही.

मी पत्र घेऊन दौलतगंजात गेले होते. काकांनी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. सुनेनं चहा केला. कप ठेवताना ती म्हणाली, "बाकीच्या सगळ्या लागल्या ना, ताई? मुरारच्या?" मी हो म्हणाले. ती आत गेली. घरात भांडण नव्हतं, आदळआपट नव्हती. ती काकांना वेळेवर जेवायला वाढायची, औषध द्यायची. बोलणं मात्र कामापुरतं. "बाबा, पाणी. बाबा, दूधवाला." मुलगा दोघांच्या मधून अंग चोरून वावरायचा.

गेल्या हिवाळ्यात काकांना हृदयाचा त्रास झाला. सरकारी दवाखान्यात ठेवलं. मी दुपारच्या भेटीच्या वेळेला गेले तर सून उशाशी बसली होती आणि एक तरुण नर्स सलाइन लावत होती. हात हलका होता तिचा, काका एकदाही कण्हले नाहीत. त्यांनीच कौतुकानं विचारलं, "बेटा, नई लगी हो?" ती म्हणाली, "दो साल होने आए, अंकल. मेरा नाम तो पहली लिस्ट में आया ही नहीं था. मुरार सेंटर वाली सब लड़कियों का छूट गया था. फिर शाम को आया."

सून सलाइनच्या नळीकडे बघत होती. "सिस्टर," ती म्हणाली, "इसकी स्पीड थोड़ी कम कर दीजिए. उम्र है इनकी." नर्सनं बघितलं, तिला पटलं, तिनं कमी केली. जाताना विचारलं, "दीदी, आप भी इसी लाइन में हो क्या?"

"नाही," सून मराठीत म्हणाली. मग भानावर येऊन, "नहीं."

नर्स गेल्यावर तिनं मला खुणेनं बाहेर व्हरांड्यात बोलावलं. तिथे बाकड्यावर कोणाचे तरी नातेवाईक चादर पांघरून झोपले होते. ती कठड्याला टेकून उभी राहिली. "ताई, तुम्ही बाबांना सांगा, की माझ्या मनात काही नाहीये. राग नाहीये म्हणा. ते सारखे बघत असतात माझ्याकडे."

"तूच सांग ना," मी म्हणाले.

"मी सांगितलं तर त्यांना कळेल." तिचा आवाज अगदी सपाट होता. "खोटं आहे ना ते."

तिच्यावर रागावण्याचा मला काही अधिकार नव्हता. ज्या दुपारच्या मोजणीनं तिचं नाव यादीत आलं आणि तिथेच तिचं आयुष्य अडलं, त्या मोजणीवर 'पाठवायलाच हवं' असं मीच म्हणाले होते, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. ते तिलाही माहीत होतं. म्हणूनच तर राग कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

मी आत गेले. काका डोळे मिटून पडले होते. मी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काका, तिच्या मनात काही नाहीये. आत्ताच बोलले मी तिच्याशी. राग नाहीये तिला."

त्यांनी डोळे उघडले. मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली, उशाशी पडलेली संत्र्याची सालं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग त्यांनी मान वळवली आणि हळूच विचारलं, "राग नाहीये ना तिला?"

"नाही काका," मी म्हणाले. "राग नाहीये."

दोन्ही वेळेला एकच उत्तर आलं. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.